हजेरीपटावर नाव नसलेली

२०१३च्या नोव्हेंबरमध्ये एका तरुण वकील मुलीनं लिहून जाहीर केलं, की आदल्या वर्षी डिसेंबरात ती शिकत असताना ज्या निवृत्त न्यायमूर्तींकडे इंटर्न होती, त्यांनी दिल्लीतल्या एका हॉटेलात तिच्याशी गैरवर्तन केलं. न्यायमूर्तींनी आरोप नाकारला. सर्वोच्च न्यायालयानं तीन न्यायाधीशांची समिती नेमली. मुलीच्या जबाबातून सकृद्दर्शनी नकोसं वर्तन घडल्याचं दिसतं, असं समितीनं नोंदवलं. पण ५ डिसेंबर २०१३ला न्यायालयानं कळवलं, की मुलगी आमच्या पटावरची इंटर्न नव्हती आणि घटनेच्या वेळी न्यायमूर्तीही निवृत्त झालेले होते, त्यामुळे आम्ही पुढे काही करण्याची गरज नाही.

चारच दिवसांनी, ९ डिसेंबरला, कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा देशभर लागू झाला. आपण त्याला पॉश कायदा म्हणतो. त्यात ‘कर्मचारी’ कोण, याची व्याख्या मुद्दाम ऐसपैस ठेवली आहे. कायम, हंगामी, रोजंदारीवरचा, कंत्राटदारामार्फत आलेला, पगारी किंवा बिनपगारी, उमेदवार, प्रशिक्षणार्थी, ‘किंवा अशा दुसऱ्या कोणत्याही नावाने ओळखला जाणारा’. ‘ती आमच्या पटावर नाही’ हे उत्तर या व्याख्येपुढे टिकत नाही. स्टायपेंड मिळत नसला तरीही नाही.

हे सगळं मी वाचलं ते दोन वर्षांपूर्वी, माझ्याच कॉलेजातल्या एका ज्युनिअरचा फोन आल्यावर. ती शेवटच्या वर्षाला होती, एका कंपनीत सहा महिन्यांची इंटर्नशिप करत होती. “ताई, एचआरला सांगितलं तर ते म्हणतात तू कॉलेजची. कॉलेजात सांगितलं तर प्लेसमेंटचे सर म्हणतात कंपनीतलं कंपनीत मिटव. मी नक्की कुणाची?” तिच्या बाबतीत काय घडलं, कुठे घडलं, हे मी इथे लिहिणार नाही. तक्रारदाराची ओळख आणि तक्रारीतला मजकूर प्रसिद्ध करायला हाच कायदा मनाई करतो, आणि तसंही ते तिचं आहे, माझं नाही. पण तिच्या प्रश्नाचं उत्तर लिहिण्यासारखं आहे. ती दोघांचीही होती. दोघांनी तिला टोलवलं, पण कायद्यानं तिला दोन दारं दिली होती.

पहिलं दार कंपनीतलं, आणि ते एचआर नव्हे. दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असावी लागते. अध्यक्ष वरिष्ठ पदावरची स्त्री, कर्मचाऱ्यांमधले किमान दोन सदस्य, आणि एक सदस्य बाहेरचा, म्हणजे स्त्रियांसाठी काम करणाऱ्या संस्थेतला किंवा या विषयाचा जाणकार. निम्म्याहून कमी स्त्रिया चालत नाहीत. एचआरमधल्या कुणाला तुम्ही कॅन्टीनमध्ये किंवा चॅटवर काही सांगितलंत, तर ती बातमी झाली. समितीकडे लेखी गेलं की ती तक्रार झाली, आणि तिथून मुदती मोजायला लागतात. लिहिणं जमत नसेल तर मदत करण्याची जबाबदारी समितीवरच आहे.

समितीच्या नेमणुकीचा आदेश दर्शनी जागी लावणं कंपनीला बंधनकारक आहे. बहुतेक ऑफिसांत तो पँट्रीजवळच्या फलकावर किंवा इंट्रानेटवर सापडतो. त्यात बाहेरच्या सदस्याचं नाव बघून ठेवावं, कारण त्या खोलीत कंपनीचा पगार न घेणारी ती एकटीच व्यक्ती असते. तक्रार एकट्या अध्यक्षांना न पाठवता सगळ्या सदस्यांना पाठवावी. नियमात सहा प्रती, सोबत पुरावे आणि साक्षीदारांची नावं, असं म्हटलं आहे.

आता मुदतीचं गणित. इंटर्नसाठी खरी मेख इथे आहे. शेवटची घटना घडल्यापासून तीन महिन्यांत तक्रार व्हायला हवी. त्या काळात तक्रार करणं का शक्य झालं नाही, हे समितीला पटलं तर आणखी तीन महिने मिळू शकतात. त्यापुढे नाही. कोलकात्याच्या एका विधी विद्यापीठातल्या प्रकरणात शेवटची घटना एप्रिल २०२३मधली धरली गेली आणि तक्रार डिसेंबर २०२३च्या अखेरीस झाली. मुदत उलटली म्हणून स्थानिक समितीनं ती फेटाळली आणि सप्टेंबर २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निर्णय कायम ठेवला.

एक बनवलेलं उदाहरण घेऊ. इंटर्नशिप ६ जानेवारी ते ३० जून. मार्गदर्शक म्हणून नेमलेला सीनियर रात्री उशिरा वैयक्तिक मेसेज करतो, नको म्हटल्यावरही करत राहतो. एकदा सुचवतो की कायम नोकरीचं पत्र त्याच्या शिफारशीवर आहे. शेवटचा असा मेसेज २० मार्चचा. मुलगी ठरवते, इंटर्नशिप संपू दे, पत्र हातात पडू दे, मग बघू. तिची पहिली मुदत २० जूनला संपते, म्हणजे इंटर्नशिप संपण्याच्या दहा दिवस आधी. सवलत मिळालीच तर २० सप्टेंबरपर्यंत. ‘नोकरीच्या पत्राची वाट बघत होते’ हे कारण समितीला पुरेसं वाटेलच, असं नाही.

हीच तक्रार तिनं २५ मार्चला केली तर? सात कामाच्या दिवसांत समितीनं तिची प्रत समोरच्याला द्यायची. त्यानं दहा कामाच्या दिवसांत उत्तर द्यायचं. चौकशी नव्वद दिवसांत संपवायची, म्हणजे २३ जूनच्या सुमारास. ती अजून कंपनीत असते, साक्षीदार शेजारच्या टेबलांवर असतात, मेसेज कंपनीच्या सर्व्हरवर असतात. १० जूनला तक्रार केली तर हेच नव्वद दिवस ८ सप्टेंबरपर्यंत जातात आणि ती तोवर दुसऱ्या गावी असते. इंटर्नशिप संपली म्हणून चौकशी बंद होत नाही, पण ती जड जाते.

“पण माझं मूल्यमापन तोच करणार ना?” माझ्या ज्युनिअरचा हाच प्रश्न होता. त्याला नियमांत नेमकं उत्तर आहे. चौकशी चालू असताना तक्रारदार लेखी मागणी करू शकते, की समोरच्या व्यक्तीनं माझ्या कामाचा अहवाल लिहू नये, तो दुसऱ्या अधिकाऱ्याकडे द्यावा. दोघांपैकी एकाची बदली किंवा तीन महिन्यांपर्यंत रजाही मागता येते. समितीनं शिफारस केली की कंपनीला ती अमलात आणावी लागते. मात्र हे आपोआप होत नाही, मागावं लागतं. म्हणून तक्रारीच्या शेवटी हा परिच्छेद असायलाच हवा.

पुराव्याबद्दल माझ्या धंद्यातलं एक सांगते. इंटर्नशिपच्या शेवटच्या दिवशी लॅपटॉप परत जातो आणि संध्याकाळपर्यंत खातं बंद होतं. त्यासोबत चॅटही जातो. त्या मेसेजांचे आपल्या फोननं फोटो काढावेत, तारीख-वेळ दिसेल असे. कंपनीचा कोड किंवा कागद मात्र स्वतःच्या मेलवर पाठवू नये, नाहीतर मूळ विषय बाजूला राहून गोपनीयतेच्या कराराचं भांडण सुरू होतं. जे तोंडी घडलं ते त्याच दिवशी लिहून ठेवावं. कुठे, किती वाजता, नेमके शब्द, आणखी कोण होतं. पुरावा कमी पडला म्हणून तक्रार खोटी ठरत नाही, हेही कायद्यातच लिहिलं आहे.

दुसरं दार कॉलेजचं, आणि ते प्लेसमेंट ऑफिस नव्हे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५च्या विनियमांनुसार उच्च शिक्षणाच्या संस्थेत अंतर्गत समिती असते. त्यात ‘कॅम्पस’ची व्याख्या वाचण्यासारखी आहे. फील्ड ट्रिप, अभ्याससहल, आणि शब्दशः इंटर्नशिपची जागाही त्यात मोडते. म्हणजे ‘कंपनीतलं कंपनीत मिटव’ हे म्हणायची कॉलेजला सोय नाही. ही समिती कंपनीतल्या माणसाला शिक्षा करू शकत नाही, पण विद्यार्थिनीला कंपनीकडे तक्रार करायला मदत करू शकते, आणि इंटर्नशिप मध्येच सोडावी लागली तर श्रेयांकांचं काय, हे कॉलेजच ठरवू शकतं. मुलग्यांसाठी हे दार जास्त महत्त्वाचं आहे. पॉश कायदा फक्त स्त्रियांची तक्रार घेतो, तर हे विनियम पुरुष आणि तृतीयपंथी विद्यार्थ्यांवरही असा प्रसंग येऊ शकतो हे मान्य करतात.

कंपनी पाच-सात जणांची असेल, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर अंतर्गत समितीचा प्रश्नच येत नाही. तेव्हा जिल्ह्याची स्थानिक समिती. ती जिल्हा अधिकारी नेमतात, आणि हे अधिकारी म्हणजे सहसा जिल्हाधिकारी किंवा उपजिल्हाधिकारी. तालुका किंवा वॉर्ड पातळीवर तक्रार घेऊन सात दिवसांत समितीकडे पाठवणारा अधिकारीही असावा लागतो. केंद्राच्या शी-बॉक्स या पोर्टलवरूनही तक्रार करता येते. अंगावर येणं, पाठलाग, धमकी असं काही असेल तर या कुठल्याच मुदतीची वाट न बघता ११२ आणि पोलीस. समितीकडे गेलं म्हणून पोलिसांचा रस्ता बंद होत नाही.

कागदावरच्या समित्या प्रत्यक्षात असतातच असं नाही. गोवा विद्यापीठातल्या एका प्राध्यापकाच्या प्रकरणात, मे २०२३मध्ये, सर्वोच्च न्यायालयानं त्यांची बडतर्फी रद्द केली, कारण समितीनं सुनावण्या घाईघाईनं उरकून त्यांना बाजू मांडायची पुरती संधी दिली नव्हती. त्याच निकालात, इतक्या वर्षांनंतरही अंमलबजावणीत गंभीर त्रुटी आहेत असं म्हणून सरकारांना समित्यांची तपासणी करायला सांगितलं. म्हणजे चौकशी नीट होणं ही तक्रार करणाऱ्या मुलीचीही गरज आहे. घाईत मिळालेला न्याय पुढे टिकत नाही.

आणि सगळेच त्रास या दारांतून आत येत नाहीत. रोज रात्री अकरापर्यंत थांबवणं, सगळ्यांसमोर अपमान करणं, स्टायपेंड अडकवणं, यात लैंगिक अंग नसेल तर पॉश समिती काही करू शकत नाही. इथे हातातलं पत्र काय म्हणतं ते बघावं लागतं. ‘अप्रेंटिस’ म्हणून नोंदणी झालेला करार असेल, तर १९६१च्या कायद्यानुसार तंटा अप्रेंटिसशिप सल्लागाराकडे नेता येतो आणि त्याचा निर्णय मान्य नसेल तर तीस दिवसांत अपील करता येतं. नुसतं ‘इंटर्नशिप ऑफर लेटर’ असेल, तर कायद्याची पकड बरीच सैल आहे. तिथे कॉलेज आणि कंपनी यांच्यातला लेखी करार हाच आधार, आणि तो अनेकदा मुलांनी पाहिलेलाही नसतो. रुजू होण्याआधी तो मागून वाचावा. कामाचे तास, स्टायपेंडची तारीख आणि कॉलेजचा संपर्क-शिक्षक, या तीन गोष्टी त्यात आहेत का ते बघावं.

माझ्या ज्युनिअरनं तक्रार लिहिली तेव्हा पहिल्या ओळीत स्वतःचा परिचय ‘मी इंटर्न आहे’ असा दिला होता. मी तिला त्यापुढे एकच वाक्य घालायला सांगितलं, ‘म्हणजेच या कायद्यानुसार कर्मचारी आहे.’ तिनं ते घातलं, आणि मग पाठवलं.