अब्बांच्या विटा आणि माझा हप्ता

नंदुरबारच्या एका नव्या इमारतीतला दोन बेडरूमचा फ्लॅट आम्ही दोघं बघून आलो, त्या रात्री बायको म्हणाली, "दर महिन्याला आठ हजार दुसऱ्याच्या खिशात घालतोय आपण. त्यात थोडे टाकले तर घर आपलं होईल." मी मान डोलावली. भाडं म्हणजे पाण्यात गेलेले पैसे आणि हप्ता म्हणजे आपल्याच घरात गेलेले पैसे, हे मलाही तोवर पटलेलं होतं.

शुक्रवारी धानोऱ्याला गेलो तेव्हा अब्बांना सांगितलं. अब्बांनी पहिला प्रश्न विचारला तो व्याजाचा. व्याज द्यायचं नाही, घ्यायचं नाही, यावर ते आयुष्यभर ठाम राहिले आहेत. मी नेहमीची उत्तरं दिली, की आता काळ बदललाय, सगळेच घेतात. त्यांनी वाद घातला नाही. एवढंच म्हणाले, "घ्यायचं तर घे बाबा. पण पहिल्या हप्त्यातले किती घराचे आणि किती बँकेचे, ते तरी विचारून ये."

मी विचारलं. त्या एका प्रश्नाने सगळं गणित उलटं झालं, म्हणून हा लेख. धर्माचा निवाडा मी इथे करत नाही, तो ज्याचा त्याने करावा. मी फक्त वहीतला हिशोब मांडतो.

फ्लॅट ३० लाखांचा. सहा लाख आमचे, २४ लाख कर्ज. मुद्रांक शुल्क, नोंदणी, वकील आणि बँकेची फाइल यांचे आणखी दोन लाख. म्हणजे पहिल्याच दिवशी हातातून आठ लाख जाणार होते, आणि तेवढेच आमच्याकडे होते. व्याजदर ८.५ टक्के, मुदत २० वर्षं. कोणालाही घरी पडताळायचं असेल तर संगणकावरच्या तक्त्यात `=PMT(8.5%/12,240,-2400000)` एवढं लिहावं. उत्तर येतं २०,८२८. हा झाला महिन्याचा हप्ता. वीस वर्षांत बँकेला एकूण जवळजवळ ५० लाख जातात, त्यातले २६ लाख व्याजाचे.

आता अब्बांचा प्रश्न. पहिल्या हप्त्यातले १७,००० रुपये व्याज आणि ३,८२८ रुपये मुद्दल. म्हणजे मी घराचं आठ हजार भाडं चुकवण्यासाठी पैशाचं सतरा हजार भाडं भरणार होतो. आठ हजार पाण्यात जात असतील, तर हे सतरा हजारही त्याच पाण्यात जातात. फक्त पावतीवर 'हप्ता' लिहिलेलं असतं म्हणून टोचत नाहीत.

मात्र एवढ्यावरच 'भाडंच बरं' म्हणून उठलो असतो तर तेही चुकलं असतं. घर घेणाऱ्याच्या बाजूने एक मोठी गोष्ट असते, ती म्हणजे घराचा भाव वाढतो. म्हणून खरी तुलना हप्ता आणि भाडं यांची करायची नसते. दोन्ही बाजूंना परत न येणारा पैसा किती जातो, ते बघायचं असतं. भाडेकरूचे आठ हजार जातात. मालकाचे १७,००० व्याजाचे जातात, घरपट्टी, सोसायटी आणि डागडुजीचे धरा १,५००, आणि जे आठ लाख घरात अडकले ते दुसरीकडे सात टक्क्यांनी वाढले असते त्याचे महिन्याला साधारण ४,६५०. बेरीज सुमारे २३,१५०. यातून घराची वाढ वजा करा. भाव वर्षाला पाच टक्के वाढला तर ३० लाखांवर दीड लाख, म्हणजे महिन्याला १२,५००. उरले १०,६५०. मालकाचे साडेदहा हजार आणि भाडेकरूचे आठ हजार, एवढाच खरा फरक. बायको म्हणत होती तितकं भाडं वाईट नाही, आणि मी नंतर उत्साहात म्हणायला लागलो होतो तितकं घरही वाईट नाही.

पण हा झाला पहिल्या वर्षाचा फोटो. पुढे भाडं वाढत जातं, आणि व्याजाचा दर तोच राहिला तर हप्ता तेवढाच राहतो. म्हणून वीस वर्षांचा तक्ता करावा लागला. त्यात दोन भाऊ कल्पिले. थोरला फ्लॅट घेतो. धाकटा तशाच फ्लॅटमध्ये भाड्याने राहतो, पण थोरल्याच्या खिशातून जेवढे जातात तेवढेच आपल्याही खिशातून काढतो. भाडं देऊन जे उरेल ते गुंतवतो, आणि सुरुवातीचे आठ लाखही गुंतवतो. भाडं आणि देखभाल दोन्ही दरवर्षी पाच टक्क्यांनी वाढतात असं धरलं. पहिल्या वर्षी धाकट्याकडे महिन्याला १४,३२८ रुपये उरतात. विसाव्या वर्षी भाडं वीस हजारांवर गेलेलं असतं आणि उरतात फक्त ४,४०० च्या आसपास.

वीस वर्षांनी थोरल्याचं कर्ज फिटलेलं असतं आणि घर पाच टक्क्यांच्या वाढीने साधारण ७९.५ लाखांचं झालेलं असतं. धाकट्याकडे घर नसतं, पण सात टक्क्यांच्या वाढीने ८८ लाख जमलेले असतात. धाकटा आठ लाखांनी पुढे. मात्र घराचा भाव पाचऐवजी सहा टक्क्यांनी वाढला, तर तेच घर ९६ लाखांचं होतं आणि थोरला तेवढ्याच फरकाने पुढे जातो. एका टक्क्यावर निकाल फिरतो. तेव्हा पुढच्या वीस वर्षांत नंदुरबारचे भाव किती वाढतील हे छातीठोकपणे सांगणाऱ्याचं ऐकू नये, मग तो दलाल असो की मेहुणा.

सात वर्षांनी मोडलं तर काय, तेही काढून ठेवलं, कारण माझी नोकरी बदलीची आहे. सात वर्षांत थोरला साडेसतरा लाखांचे हप्ते भरतो, पण २४ लाखांच्या कर्जातले अजून १९.६ लाख बाकीच असतात. घर तेव्हा ४२ लाखांना विकलं आणि कर्ज फेडलं, तर हातात साडेबावीस लाख येतात, तेही दलाली न धरता. धाकट्याकडे तेव्हा २७ लाख असतात. लवकर गाव सोडायचं असेल तर कर्जाचं घर महाग पडतं, कारण सुरुवातीची वर्षं बँकेची असतात.

हे सगळं मी बायकोला दाखवलं. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "ते चौदा हजार तुम्ही दर महिन्याला टाकणार का?"

हाच खरा प्रश्न होता. धाकट्याने फरकाचे पैसे गुंतवलेच नाहीत, खर्चून टाकले, तर वीस वर्षांनी त्याच्याकडे फक्त सुरुवातीच्या आठ लाखांचे ३१ लाख असतात, आणि थोरल्याकडे ७९.५ लाखांचं घर. हप्ता चुकला तर बँक दारात येते, गुंतवणूक चुकली तर कोणीच येत नाही. म्हणून हप्ता ही व्याज देऊन विकत घेतलेली शिस्तसुद्धा असते. मी आणखी एक आकडा काढला. थोरल्याची बरोबरी करायला धाकट्याने त्या फरकातले निदान ८५ टक्के, वीसही वर्षं, टाकत राहिलं पाहिजे.

पैसे कुठे टाकायचे याचीही अडचण होती. व्याज द्यायचं नाही म्हणून कर्ज टाळायचं आणि तेच पैसे मुदत ठेवीत किंवा पीपीएफमध्ये ठेवून व्याज घ्यायचं, हे अब्बांसमोर कोणत्या तोंडाने सांगणार? मग शरियाच्या निकषांवर कंपन्या निवडणारे म्युच्युअल फंड पाहिले. टाटा एथिकल हा त्यातला जुना. तिथे सात टक्क्यांची हमी नाही. जास्त मिळू शकतात, आणि नेमके गरजेच्या वर्षी बाजार पडलेलाही असू शकतो. धाकट्याच्या ८८ लाखांपुढे हे प्रश्नचिन्ह लिहूनच ठेवायला हवं.

या हिशोबाला आता दोन वर्षं झाली. आम्ही भाड्यानेच आहोत. परवा वही काढली. दोन वर्षांत फरकाचे ३ लाख ४० हजार जमायला हवे होते. जमले २ लाख ८ हजार. बहिणीचं लग्न झालं, मोटरसायकल बदलली, दोन महिने तर कशात गेले तेही आठवत नाही. हे झाले ६१ टक्के. कागदावरचा धाकटा जिंकत होता, वहीतला हरतो आहे. मूळ आठ लाखांना हात लावला नाही, एवढीच जमेची बाजू.

वही घेऊनच धानोऱ्याला गेलो. अब्बांचं घर गावठाणात आहे. त्या घरावर कर्ज कधी नव्हतं आणि त्या काळात मिळालंही नसतं, कारण कागद म्हणजे ग्रामपंचायतीचा आठ नंबरचा उतारा, एवढाच. आमच्या भागात कर्जाला चालेल अशी मोकळी जागा मिळणंही सोपं नाही. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय घेता येत नाही, आणि ते योग्यच आहे. अब्बांनी आधी एक खोली बांधली. पुढे कपाशीचे पैसे आले त्या वर्षी विटा आणून अंगणात रचल्या, कधी नुसती वाळूच आणली, कधी पत्रे. तीन खोल्यांना बावीस वर्षं लागली. लहानपणी मला त्या रचलेल्या विटांची लाज वाटायची.

आता कळतं, ते फरकच गुंतवत होते. फक्त अशा वस्तूत, जी निम्म्या रात्री काढून लग्नात खर्च करता येत नाही.

मी त्यांना ६१ टक्क्यांचं सांगितलं. ते म्हणाले, "पैसा हातात आला की विटा आणायच्या. घरात ठेवला की जातो."

परत येऊन मी फंडाच्या कपातीची तारीख पंचवीसवरून दोन केली, पगाराच्या दुसऱ्या दिवशीची. बायकोशी एक ठरावही झाला आहे. पुढची दोन वर्षं ८५ टक्के जमले तर भाड्यानेच राहायचं. नाही जमले तर तक्ता कपाटात ठेवायचा आणि फ्लॅट बघायला जायचं. तेव्हा अब्बांना काय सांगायचं, ते मी अजून ठरवलेलं नाही.