स्वतःचा शोक पुरावा ठरतो का?

संशोधकाने स्वतःचे अनुभव विदा म्हणून वापरायचे आणि त्यांच्या आधारे माणसांच्या जगण्याचा अभ्यास करायचा, या पद्धतीला ऑटोएथ्नोग्राफी म्हणतात. ती फार व्यक्तिनिष्ठ आहे, तिच्यातले दावे तपासता येत नाहीत, हा तिच्यावरचा जुना आक्षेप. मला तो गंभीर वाटतो, पण अटळ वाटत नाही. मानवशास्त्रज्ञ रेनाटो रोझाल्डो यांचे उदाहरण पाहा. फिलिपिन्समधील उत्तर लुझोनच्या डोंगरांत इलोंगोट लोकांमध्ये त्यांनी आणि त्यांच्या पत्नी मिशेल यांनी १९६०च्या दशकाअखेरीस क्षेत्रकार्य केले. मुंडकी का कापता, असे विचारल्यावर तिथले वयस्क पुरुष थोडक्यात सांगत, की जवळचे माणूस गेले की संताप येतो. कापलेले शिर फेकून दिले की तो संतापही फेकला जातो. रोझाल्डोंना हे उत्तर उथळ वाटले. एका मृत्यूची दुसऱ्याने भरपाई, असा देवघेवीचा सिद्धान्त त्यांनी एका इलोंगोट माणसापुढे ठेवला. आपले लोक असा विचार करत नाहीत, असे त्याने सांगितले. पुढे १९८१ मध्ये फिलिपिन्समध्येच क्षेत्रकार्य करताना मिशेल कड्यावरून पडून गेल्या. शोकात उसळणारा राग रोझाल्डोंनी स्वतः भोगला, आणि ते जुने उत्तर जसे दिले होते तसेच त्यांना कळले.

इथे टीकाकार म्हणेल, की त्यांनी आपला राग इलोंगोटांवर लादला. पण क्रम महत्त्वाचा आहे. ते उत्तर मिशेल यांच्या मृत्यूच्या कितीतरी आधी मिळालेले होते, आणि पर्यायी सिद्धान्तही तेव्हाच फेटाळला गेला होता. वैयक्तिक अनुभवाने नवा पुरावा निर्माण केला नाही. हाती असलेल्या पुराव्याचे वजन ओळखायला शिकवले. स्मृती मागाहून रंग चढवते, हेही खरे. म्हणूनच मृत्यूनंतर सुमारे सहा आठवड्यांनी लिहिलेली रोजनिशीतली नोंद ते आपल्या निबंधात देतात. शिवाय आपला राग आणि इलोंगोटांचा राग एकच नव्हे, हेही ते स्पष्ट सांगतात. एका रागातून शिर कापले जाते, दुसऱ्यातून नाही. तो फरक घडवते ती संस्कृती, आणि तिचा अभ्यास एकट्याच्या दुःखातून होत नाही.

लिऑन अँडरसन यांनी २००६ मध्ये विश्लेषणात्मक ऑटोएथ्नोग्राफीची मांडणी करताना स्वतःपलीकडच्या लोकांशी संवाद हवा, असा आग्रह धरला. माझ्या मते ही अट सोडली, तर टीकाकारांचेच म्हणणे खरे ठरते. नुसत्या आत्मकथनाला संशोधन म्हणू नये. ते उत्तम साहित्य असू शकते, पण त्याच्या लेखकाला खोटे ठरवू शकेल असे त्यात कोणीच नसते. नैतिक अडचण तर याहून कठीण आहे: लेखक स्वतःच्या नावाने लिहितो, तेव्हा त्याच्या आईचे, जोडीदाराचे नाव बदलून काहीच लपत नाही, आणि त्यांची संमती बहुधा लिहून झाल्यावरच आठवते. तेव्हा असा लेख हाती आला, की लेखक किती मोकळेपणाने बोलला हे नंतर पाहा; त्याचे म्हणणे नाकारण्याची संधी त्याने कोणाला दिली होती, हे आधी शोधा.