दहा सव्वीस सव्वीस म्हणजे किती वाजले?

माझ्या लॅपटॉपवर काकांनी सकाळी दहा वाजून सव्वीस मिनिटं आणि सव्वीस सेकंदांनी शेतात खत टाकलं होतं. सेकंदासकट! काका एवढे पंक्चुअल कधी झाले, असा विचार करतच मी चहाचा घोट घेतला. मग ट्यूब पेटली. काका म्हणाले होते, ‘दहा सव्वीस सव्वीस टाकलं.’ ते खताचं नाव. मी एक्सेलमध्ये `10:26:26` टाइप केलं आणि एक्सेलने त्याची वेळ करून टाकली. डीएपीची तीच गत. ‘अठरा सेहेचाळीस’ म्हणजे संध्याकाळचे पावणेसात! शेवटी अख्खा कॉलम आधी ‘टेक्स्ट’ केला, मग कुठे खताचं खत राहिलं.

झालं असं की ऑगस्ट २०२५मध्ये निफाडकडच्या आमच्या गावी काकांनी कांद्याची चाळ उघडली, तर एका बाजूच्या कांद्याला कोंब आणि माना सडलेल्या. काकांनी निकाल दिला: बी खराब. आता हे बी दुकानातलं नव्हे. काकू दर वर्षी चाळीतले एकसारखे, पातळ मानेचे कांदे निवडते, वेगळे लावते आणि त्यांचं बी पत्र्याच्या डब्यात जपते. काका म्हणाले, ‘यंदा पाकीट आणू.’ काकू काही बोलली नाही. तिने डबा उचलला आणि आत ठेवून दिला. मला ते बघवेना.

‘काका, तुम्ही सगळं लिहून ठेवलंय का?’

‘लिहिलं नाही, बोललोय ना! तुझ्या दादाला पाठवलंय सगळं.’

पुण्याला आयटीत असलेल्या दादाने हंगामभराचे ते व्हॉइस मेसेज अर्थातच ऐकले नव्हते. एका शनिवारी त्याने ते एकगठ्ठा मला फॉरवर्ड केले. (तुमच्यापैकी कितीजणांच्या फोनमध्ये असे न ऐकलेले बाबा-काका पडलेत?) फॉरवर्ड केल्यावर प्रत्येक मेसेजवर त्या शनिवारचीच तारीख. मूळ तारीख असती तरी फार फरक पडला नसता म्हणा. काका काम करतात सोमवारी आणि बोलतात गुरुवारी, जेवण झाल्यावर.

म्हणजे तारखा त्यांच्या बोलण्यातूनच काढायच्या होत्या. सणांचं सोपं. ‘दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी उळं टाकलं.’ उळं म्हणजे रोपवाटिकेसाठीचं कांद्याचं बी. २०२४चा दसरा १२ ऑक्टोबरला होता, म्हणजे तारीख १३. ‘म्हटलं मतदान झालं की लावू, तर मजूरच मिळेनात. चंपाषष्ठी झाली आन् दुसऱ्या दिवशी लावणी.’ विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला, चंपाषष्ठी ७ डिसेंबरला, म्हणजे लावणी ८ डिसेंबर. दोन तारखांची वजाबाकी केली तर ५६ दिवस. काका मात्र छातीठोकपणे सांगत होते की रोप सहा आठवड्यांचं होतं. मजुरांची वाट बघण्यात गेलेले दोन आठवडे त्यांच्या हिशेबात नव्हतेच.

अडले ते पाण्यावर. ‘युरियाचा पहिला हात तिसऱ्या पाण्याला दिला.’ मी हुशारीने मोजलं. लावणीचं पाणी एक, तिसऱ्या दिवशीचं हलकं पाणी, ज्याला आंबवणी म्हणतात, ते दोन आणि पुढचं तीन. थंडीत साधारण बारा दिवसांनी पाणी, असं काकांनीच सांगितलेलं. त्यामुळे मी २२-२३ डिसेंबर लिहून मोकळी झाले. मग काकूने डाळीच्या डब्याखालून कृषी केंद्राचं बिल काढलं. युरियाची खरेदी १३ जानेवारी! घरात जुनी गोणी शिल्लक नव्हती. जे खत अजून दुकानात आहे, ते तीन आठवडे आधी शेतात कसं पडेल? काकांना फोन लावला.

‘अगं, लावणीचं आन् आंबवणीचं पाणी कोण मोजतं का? त्याच्यानंतर पहिलं पाणी!’

परत मोजलं. २३ डिसेंबर, ४ जानेवारी, १६ जानेवारी. ‘हां,’ काका म्हणाले, ‘संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशीच टाकलं. हात तिळगुळाचे व्हते.’ संक्रांत १४ला, म्हणून १५.

ह्या फजितीनंतर मी तक्त्यात दोन जादा कॉलम घातले. एकात काकांचे शब्द जसेच्या तसे, दुसऱ्यात तारीख पक्की की अंदाजे. हे शब्द पुसून नुसती तारीख ठेवली असती, तर माझी चूक कुणालाच कधी सापडली नसती. मलाही नाही.

| तारीख | लावणीनंतरचा दिवस | तुकडा | काय केलं | काकांचे शब्द | खात्री |
|---|---|---|---|---|---|
| १३ ऑक्टो. २०२४ | – | – | घरचं बी टाकलं | दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी | पक्की |
| ८ डिसें. २०२४ | ० | दोन्ही | लावणी | चंपाषष्ठीच्या दुसऱ्या दिवशी | पक्की |
| १५ जाने. २०२५ | ३८ | दोन्ही | युरिया | तिसऱ्या पाण्याला | पक्की (बिलाशी जुळते) |
| २६ फेब्रु. २०२५ | ८० | रस्त्याकडचा | युरिया ९० किलो | शिवरात्रीच्या आसपास, दोन गोण्या | अंदाजे |

शेवटच्या ओळीत मी आधी शंभर किलो लिहिलं होतं. पण युरियाची गोणी २०१८पासून ५० नव्हे, ४५ किलोची झाली. काकांच्या तोंडी ‘गोणी’ तीच राहिली, आत माल कमी झाला.

खरी गंमत मात्र दिवसांच्या कॉलममध्ये होती. राजगुरुनगरचं कांदा-लसूण संशोधन केंद्र सांगतं की लावणीच्या वेळी दिल्यावर उरलेला नत्र साधारण ३० आणि ४५ दिवसांनी द्यावा. त्यानंतर नत्र दिला तर पात वाढत राहते, मान जाड राहते आणि असा कांदा चाळीत टिकत नाही. काकांचा शेवटचा युरिया ८०व्या दिवशी! तोही ९० किलो, म्हणजे जवळजवळ ४१ किलो नत्र, एका एकरात. अख्ख्या हंगामाची शिफारसच एकरी साधारण ४४ किलोची आहे.

‘हा फक्त रस्त्याकडच्या तुकड्यातच का टाकला?’

‘दोनच गोण्या व्हत्या. विहिरीकडच्या अर्ध्या एकराला उरलंच नाही.’

‘आणि चाळीत सडला तो कुठला?’

पलीकडे शांतता. विहिरीकडचा कांदा चार दिवस उशिरा निघाला होता, म्हणून तो चाळीत वेगळ्या कप्प्यात होता. तोच टिकला होता. बी एकच, लावणीचा दिवस एकच, चाळ एकच, मे महिन्यातला तो अवकाळी पाऊसही दोघांनी सारखाच खाल्लेला.

बीविरुद्धची केस इथे बरीच ढिली झाली. युरियाच दोषी, असं मात्र मी लगेच म्हणणार नाही. विहिरीकडची जमीन हलकी आहे, रस्त्याकडे पाणी साचतं, हेही काकांनीच एका मेसेजमध्ये सांगितलंय. तक्त्यात मातीचा कॉलम नव्हता, तो आता घातला. एका हंगामाच्या चार ओळींवरून ह्याहून जास्त काही सिद्ध होत नाही. पण पाकीट आणायचा बेत मागे पडला आणि ४५ दिवसांनंतर युरिया नाही, असं काकांनी स्वतःच ठरवलं. निदान रस्त्याकडच्या अर्ध्या भागात, बघायला.

ऑक्टोबरमध्ये एका रात्री मेसेज आला. आता ते दादाला नाही, थेट मला पाठवतात. मागे भांड्यांचा आवाज आणि काका ओरडल्यासारखे बोलताहेत: ‘लिही गं. आज तारीख चार, शनिवार. उळं टाकलं. बी घरचं, तीन किलो... काय? हां, तुझी काकू म्हणतीय, पावणेतीन. पावणेतीन लिही.’