बापाच्या नावावरचं घर, मुलगा आणि सून

आमच्या फोंडाघाटात कुणाकडे सरकारी कागद आला की तो वाचायला माझ्याकडे आणतात. शाळेत मी उर्दू आणि मराठी शिकवते, तेव्हा कायदाही मला कळत असणार असा लोकांचा समज. गेल्या पावसाळ्यात एसटीतून निवृत्त झालेले एक चाचा आले. जमीन त्यांच्या स्वतःच्या खरेदीखताची, घर फंडाच्या पैशांतून बांधलेलं. थोरला मुलगा रोज शिव्या देतो. चाचींच्या औषधांचा डबा त्याने अंगणात भिरकावला होता. "त्याला काढता येईल का? तो म्हणतो, बापाच्या घरात माझाही हिस्सा आहे."

हिस्सा नाही. जन्माबरोबरच हक्क मिळतो ही कल्पना हिंदू एकत्र कुटुंबाच्या कायद्यातली. शेजारीपाजारी ऐकून ती आपल्या घरांतही शिरली आहे. आपल्याकडे वारसा उघडतो तो मय्यतीनंतरच. बाप हयात असेपर्यंत मुलगा त्याच्या परवानगीने राहतो, आणि परवानगी काढून घेता येते. बापाने हिबा करून ताबाही देऊन टाकला असेल तर मात्र गोष्ट वेगळी. आजोबांचं घर असेल, तर फुप्पींचे हिस्से त्यात असतात आणि बाप एकटा मालक नसतो. म्हणून मी आधी खरेदीखत मागितलं. चाचा घरपट्टीच्या पावत्या घेऊन आले होते. मालकी सिद्ध करायला त्या पुऱ्या पडत नाहीत.

पूर्वी दिवाणी दावा हाच रस्ता होता, आणि त्यात वर्षं जातात. 2007 साली आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा व कल्याणाचा कायदा आला. त्यानुसार प्रांताधिकाऱ्यांकडच्या न्यायाधिकरणात साधा लेखी अर्ज करता येतो. आमच्यासाठी ते कणकवलीला. "मुलाला घराबाहेर काढा" असं या कायद्यात थेट लिहिलेलं नाही. पण मुंबई उच्च न्यायालयाने 2018 मध्ये एका आईच्या प्रकरणात सांगितलं की आई-वडिलांना शांतपणे जगता यावं म्हणून न्यायाधिकरण मुलाला घर सोडायला लावू शकतं. सप्टेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्याच ऐंशी वर्षांच्या बापाच्या बाजूने निकाल दिला. त्या मुलाने बापाच्या दोन जागा अडवल्या होत्या. मुलगाही आता साठीचा, म्हणजे ज्येष्ठ नागरिक, असं म्हणून उच्च न्यायालयाने त्याला सोडलं होतं. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, वय मोजायचं ते अर्जाच्या दिवशीचं, आणि त्या दिवशी मुलगा 59 वर्षांचा होता.

मात्र बाप मालक आहे एवढ्यावर आदेश निघतोच असं नाही. त्याच वर्षी मार्चमध्ये उत्तर प्रदेशच्या एका प्रकरणात त्याच न्यायालयाने मुलाला काढायला नकार दिला. काढणं गरजेचं आहे असं त्याला दिसलं नाही. तेव्हा अर्जात "मुलगा त्रास देतो" एवढं लिहून भागत नाही. कोणत्या दिवशी काय झालं, कुणी पाहिलं, औषधपाण्याचा खर्च कोण करतो, हे लिहावं लागतं. चाचांना ते सांगताना लाज वाटत होती. डब्याची गोष्ट लिहायला मला दोन संध्याकाळी लागल्या.

मग सुनेचा विषय आला. "दोघांची नावं एकाच अर्जात घाला," चाची म्हणाल्या. सुनेने कधी उलट शब्द काढला नव्हता, पण "नवरा गेला की ती इथे कशाला?" हा त्यांचा सवाल.

इथे हात आखडावा लागतो. 2005 च्या घरगुती हिंसाचार कायद्याने बायकोला संसाराच्या घरात राहण्याचा हक्क दिला आहे. ऑक्टोबर 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की ते घर सासऱ्याच्या मालकीचं असलं तरी हा हक्क लागू होऊ शकतो. डिसेंबरात बंगळूरचं प्रकरण आलं. नवऱ्याने घर आपल्या बापाला विकलं, नवरा-बायकोत खटले सुरू झाल्यावर बापाने ते आईला बक्षीस दिलं, आणि मग सासू-सासऱ्यांनी 2007 च्या कायद्याखाली सुनेला काढायचा आदेश मिळवला. न्यायमूर्ती चंद्रचूड यांच्या खंडपीठाने तो रद्द केला. म्हाताऱ्यांचा कायदा पुढे करून सुनेचा हक्क असा झटपट पुसता येत नाही. दोन्ही कायदे जोडीने वाचायचे.

याचा अर्थ सून कायमची मालकीण झाली असा नाही. तिच्यासाठी दुसरी राहण्याजोगी जागा किंवा भाडं द्यायची सोय करून न्यायालय तिला हलवू शकतं. पण ती सोय मुळात नवऱ्याने करायची असते, आणि सुनेचं म्हणणं ऐकावं लागतं. म्हणून नवरा-बायकोत भांडण नाही, दोघं मिळून म्हाताऱ्यांना छळतात, आणि नवरा बायकोला ढाल करून घर अडवतो, अशा ठिकाणी निकाल वेगळा येऊ शकतो.

चाचांची सून त्यातली नव्हती. मागच्या खोलीत ती दोन पोरांना घेऊन राहते, मुलगा तिलाही मारतो, हे चाचींनी बोलता बोलता सांगितलं. चाचा बराच वेळ गप्प बसले. मग माझ्याकडून पेन घेतलं, अर्जातलं सुनेचं नाव खोडलं आणि बाजूला सही केली. "तिचा साक्षीदार म्हणून जबाब घेतील का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, घेतील, पण आधी तिला विचारा. चाची तशाच उठल्या आणि घरी गेल्या.