काड्या पूर्ण, तरी नेट नाही

संपादकांनी ‘मोबाइल नेटवर्कवर काहीतरी सोपं लिहा’ म्हटलं, तेव्हा गड्डा यात्रेतल्या एक खेळणीवाल्या बाई डोळ्यांपुढे आल्या. सिद्धेश्वराची यात्रा भरात होती, होम मैदानावर पाय ठेवायला जागा नव्हती. गिऱ्हाईक क्यूआर स्कॅन करायचं, फोनवर चक्र फिरत राहायचं आणि पोरगं हातातलं खेळणं परत ठेवून जायचं. मी टॉवरच्या कामातला आहे हे कळल्यावर बाईंनी विचारलं, ‘‘साहेब, रेंज तर फुल्ल दावतंय, मग पैसे का जाईनात?’’ त्या गर्दीत उभ्याउभ्या याचं उत्तर देता येत नाही. इथे देतो.

टॉवरवरचा प्रत्येक अँटेना एक खुणेचा सिग्नल अखंड सोडत असतो. त्याला आम्ही रेफरन्स सिग्नल म्हणतो. मैदानात दहा फोन असोत की दहा हजार, त्याची ताकद तीच राहते. फोन ती मोजतो आणि त्यावरून काड्या काढतो. यात्रेत हरवलेल्यांच्या चौकीचा भोंगा सगळ्या मैदानाला ऐकू येतो, म्हणून तुम्हाला चौकीपर्यंत पोचता येईलच असं नाही. काड्या सांगतात ते एवढंच, की भोंगा नीट ऐकू येतोय.

त्यातही त्या काड्यांचं माप सगळ्या जगात एक नाही, आणि याचा मला मनापासून राग आहे. मोबाइलची तांत्रिक मानकं ठरवणाऱ्या संस्थेने सिग्नल कसा मोजायचा ते बारकाईने लिहून ठेवलंय; पण किती सिग्नलला किती काड्या, हे फोन बनवणाऱ्यांवर सोडलंय. 2010 साली ॲपलने आयफोन 4 च्या वेळी जाहीर कबूल केलं, की काड्या दाखवण्याचं आपलं सूत्र साफ चुकीचं होतं आणि फोन काही ठिकाणी दोन काड्या जास्त दाखवत होता. अँड्रॉइडमध्ये तर सेवा देणाऱ्या कंपनीला आपल्या ग्राहकांना एक काडी वाढवून दाखवता यावी अशी सोयच आहे. तिचं नावही लपवलेलं नाही: `inflate_signal_strength_bool`. तराजूला शिक्का लागतो, पेट्रोल पंपाचं माप तपासलं जातं; मग कोट्यवधी लोक दिवसभर ज्या मापाकडे बघतात, त्याला काहीच नियम का नसावा?

असो. मुळात अडतं कुठे, ते अक्षता सोहळ्याच्या वेळी दिसतं. सातही नंदीध्वज सम्मती कट्ट्यापाशी येतात, बाराबंदीतले भक्त, चहूकडून पडणाऱ्या अक्षता, आणि त्याच मिनिटाला हजारो हात मोबाइल घेऊन वर. एरवी आपण फोनवर बघतो जास्त, पाठवतो कमी. म्हणून नेटवर्कही तसंच बांधलेलं असतं. सोहळ्यात ते उलटं होतं: सगळे एकदम पाठवायला लागतात.

हिशेब करून बघू. एका टॉवरला साधारण तीन दिशांना तीन सेक्टर असतात. एका सेक्टरला पाठवण्यासाठी 10 मेगाहर्ट्झ मिळालेत असं धरा. गर्दीत त्यातून सगळ्यांना मिळून सेकंदाला साधारण 10 मेगाबिट वाट मिळते, तीही परिस्थिती बरी असली तर. व्हॉट्सॲपवर जाणारा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ 5 मेगाबाइटचा धरला, तर तो 40 मेगाबिट होतो. म्हणजे अख्ख्या सेक्टरची चार सेकंदं एका व्हिडिओला लागली. त्या सेक्टरमधल्या फक्त पाचशे जणांनी असा एकेक व्हिडिओ पाठवला, तर दोन हजार सेकंद, अर्ध्या तासाहून जास्त. पाचशे हा आकडा त्या मैदानात काहीच नाही.

पण बाईंच्या पैशांचा निरोप तर मोजक्या किलोबाइटचा. तो का अडावा? कारण तो आत शिरण्याआधीच, दारात अडतो. फोन दहा-बारा सेकंद गप्प राहिला, की नेटवर्क त्याची जोडणी सोडून देतं. पुढच्या वेळी फोनला पुन्हा आत येण्याची परवानगी मागावी लागते. 4जीच्या एका सेलमध्ये, म्हणजे साधारण एका सेक्टरमध्ये, ही परवानगी मागण्यासाठी एकूण 64 संकेत असतात, आणि फोन त्यातला एक अंदाजाने उचलतो. दोन फोनांनी एकाच क्षणी तोच संकेत उचलला की दोघांची टक्कर होते. मग थोडं थांबून पुन्हा प्रयत्न. गर्दीत हे पुन्हाचे प्रयत्नच दार तुंबवतात. तिथे तुमचा निरोप छोटा आहे की मोठा, हे कोणी विचारत नाही.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. नेट अडलं की लोक विमान मोड चालू-बंद करतात. त्यामुळे फोन जोडणी तोडून पुन्हा दारात जातो, आणि त्याच्यासारखे हजारो. एखाद्याला नशिबाने दुसरा सेल मिळतो आणि तो सगळ्यांना हा उपाय सांगत सुटतो. त्यापेक्षा फोटोंचा आपोआप होणारा बॅकअप बंद करा आणि व्हिडिओ मैदानाबाहेर पडल्यावर पाठवा. फोन कॉल मात्र बऱ्याचदा लागतो, कारण एकदा जोडणी झाली की आवाजाला डेटाच्या आधी जागा दिली जाते. त्यावरून ‘कंपनीने मुद्दाम नेट बंद केलं’ असा निष्कर्ष काढू नका.

ओळखायचं कसं? बऱ्याच अँड्रॉइड फोनवर `*#*#4636#*#*` दाबलं की आकडे दिसतात. `RSRP` म्हणजे काड्यांमागची ताकद. तो -75 च्या आसपास असेल तर उत्तम. मग `RSRQ` बघा. सेल पूर्ण भरला, की दुसऱ्या कुणाचा त्रास नसतानाही तो -11 च्या जवळ येतो. -15 च्या खाली असेल, तर शेजारचे सेलही तुमच्या कानात ओरडताहेत. दारातली किंवा पाठवण्याच्या वाटेवरची गर्दी मात्र या आकड्यात दिसत नाही. ती आम्हाला टॉवरच्या नोंदींत शोधावी लागते.

उपाय लोकांना उफराटा वाटतो. यात्रेसाठी ट्रकवरचे तात्पुरते टॉवर आणतात. पंढरपूरला आषाढीला हेच करावं लागतं. पण होम मैदानासारख्या उघड्या जागेत मध्ये भिंत नाही, इमारत नाही, त्यामुळे त्याच फ्रीक्वेन्सीवरचा प्रत्येक नवा टॉवर आधीच्यांना त्रास देतो. म्हणून अँटेना जमिनीकडे जास्त झुकवावे लागतात, ताकद कमी करावी लागते, एका सेक्टरचे दोन अरुंद सेक्टर करावे लागतात. प्रत्येक सेल लहान झाला की त्याच्या वाट्याची माणसं कमी होतात. मात्र कडेच्या लोकांच्या फोनवर एखादी काडी कमी दिसते, आणि लगेच तक्रार येते: ‘तुम्ही येऊन रेंज घालवली.’ वेग वाढलेला असतो, पण तो कोणी मोजत नाही. काम नीट झाल्यावर हे ऐकणं फार लागतं.

‘आता 5जी आलंय, यंदा अडचण नाही,’ असंही बरेच जण म्हणतात. बघण्याच्या बाजूला खरंच मोठा दिलासा मिळतो, आणि 4जीवरचा भारही हलका होतो. पण आपल्याकडच्या 5जीचा मुख्य 3.5 गिगाहर्ट्झचा पट्टा पाठवणं आणि घेणं एकाच वाटेवर आळीपाळीने करतो, आणि वेळेच्या वाटणीत पाठवण्याला जेमतेम पाचवा हिस्सा येतो. शिवाय फोनच्या अँटेनाची ताकद थोडी, आणि मध्ये माणसांची दाटी; पाणी भरलेली शरीरं ही फ्रीक्वेन्सी जास्त शोषतात. बऱ्याच ठिकाणी 5जी फोन आत शिरतो तोही 4जीच्याच दारातून. तेव्हा अक्षता पडण्याच्या मिनिटाला पाठवण्याच्या वाटेवर काय होतं, ते मी या जानेवारीतही होम मैदानावरच्या सेलच्या नोंदींत बघणार आहे.