आनंदाश्रूंचा निरोप

गेल्या श्रावणातली गोष्ट. म्हैसूरहून टी. नरसीपूरला परतत होतो. गाडी मी चालवीत होतो. मागच्या आसनावर माझी सात वर्षांची मुलगी ऊस मोजीत बसली होती. गाडी चालविताना मोबाइलला हात लावायचा नाही, हा माझा नियम. म्हणून आलेले निरोप मोठ्याने वाचून दाखविण्याचे काम मी त्यातल्या यांत्रिक आवाजावर सोपविले आहे. त्या दिवशी हुबळीच्या मावशीचा निरोप आला. मावशी मराठी लिहिते ती रोमन अक्षरांत, आणि माझ्या मोबाइलचा आवाज इंग्रजी वळणाचा. त्याने प्रथम काहीतरी अगम्य उच्चारले आणि त्याच संथ सुरात पुढे म्हटले, ‘फेस विथ टिअर्स ऑफ जॉय, फोल्डेड हँड्स, फोल्डेड हँड्स, फोल्डेड हँड्स.’

मुलगी खुदकन हसली. मीही हसलो. मग त्या अगम्य शब्दांचा अर्थ मनात उलगडला: ‘तुझा मामा गेला.’

गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि पडदा पाहिला. एक इवलासा पिवळा चेहरा, त्याच्या दोन्ही डोळ्यांतून ओघळणारे पाणी, आणि पुढे तीनदा जोडलेले हात. मावशीच्या वृद्ध डोळ्यांनी त्या चेहऱ्यावरचे अश्रू तेवढे पाहिले होते. उघडे, हसणारे तोंड त्यांना दिसले नव्हते. मी निरोप वाचला असता, तर मलाही बहुधा अश्रूच दिसले असते. डोळा अशी चूक सांभाळून घेतो. त्या आवाजाला ते शक्य नव्हते.

का शक्य नव्हते, याचा मी पुढे पुष्कळ विचार केला. आपण इमोजी म्हणून जे पाठवितो, ते चित्र नसतेच. निरोपातून जातो तो एक क्रमांक. या चेहऱ्याचा क्रमांक U+1F602. २०१० साली युनिकोड या जागतिक लिपिमानकात त्याची नोंद झाली. तो क्रमांक पाहून पलीकडचा मोबाइल आपल्याजवळचे चित्र काढतो. वाचणाऱ्या आवाजापाशी मात्र चित्र नसते. त्याच्यापाशी असते नावांची यादी. तो क्रमांक शोधतो आणि समोरचे नाव उच्चारतो.

आमच्या तारखात्याचीही अशीच एक युक्ती होती. शुभेच्छांच्या ठराविक वाक्यांना क्रमांक दिलेले असत. तारेतून क्रमांक जाई आणि पलीकडचा कारकून पूर्ण वाक्य लिहून देई. २०१३ च्या जुलैत ती तारसेवा संपली. पण तिथे क्रमांकापुढचे वाक्य माणसाने माणसाला वाचण्यासाठीच रचलेले असे. इमोजीचे नाव हे ओळख पटविण्यासाठी दिलेले असते. एका चित्राची दुसऱ्याशी गल्लत होऊ नये म्हणून ते चित्राचे रूप सांगते. ते कोणत्या प्रसंगी कशासाठी काढले, हे सांगत नाही. जोडलेले हात म्हणजे नमस्कार, विनंती, आभार की श्रद्धांजली, हे वाचणाऱ्याने ठरवायचे. कचेरीत एखादे पत्र मोठ्याने वाचताना कारकुनाने मजकुराच्या ओघातच ‘गोल शिक्का, निळी शाई’ असेही वाचावे, तसा हा प्रकार.

शिवाय, ही चिन्हे मुळात शब्द नव्हेतच. ती शब्दांमागचा स्वर आहेत. मावशी समोर असती, तर तिचा गळा दाटला असता, हात आपोआप जोडले गेले असते. कागदावर गळा दाटत नाही, म्हणून तिने चित्र काढले. आवाजाने मात्र त्या स्वराचेच नाम बनविले आणि बाकीच्या शब्दांच्याच पट्टीत म्हटले. डोळ्याला एका क्षणात दिसलेले तीन नमस्कार कानाला एकामागून एक ऐकावे लागले, आणि दुःख यादीसारखे ऐकू आले.

मग यंत्राने ही नावे गाळावीत काय? एकदा तसे वाटले. पण कित्येकदा ‘येतोस ना?’ या प्रश्नाला उत्तर म्हणून केवळ उंचावलेला अंगठाच येतो. तो गाळला, तर निरोप रिकामा उरेल. ज्यांना दृष्टीच नाही, त्यांना तर या नावांवाचून ते चित्र कळायचेच नाही. तेव्हा नाव हवेच. फक्त भावनेचा सारा भार त्याच्यावर टाकू नये. दुःख असेल तर ते अक्षरांत लिहावे, चित्र शेवटी आणि एकदाच ठेवावे.

संध्याकाळी मावशीला फोन केला. ‘माझा निरोप मिळाला ना रे?’ तिने विचारले. ‘मिळाला, मावशी,’ मी म्हणालो. त्या चेहऱ्याचे नाव मी तिला सांगितले नाही. तिच्या लेखी तो रडणाराच होता. तिचा दाटलेला गळा आता मला ऐकू येत होता, आणि माझ्या शेजारी उभी असलेली मुलगी या वेळी हसली नाही.