बँक घाई करत नाही

पिंप्राळ्यात आम्हा ज्येष्ठांच्या बैठकीला बँकेच्या एक अधिकारी बाई आल्या होत्या. भाषण अर्ध्या तासाचं होतं, पण प्रश्न त्यानंतर बराच वेळ चालले.

सुरुवातीलाच त्यांनी खोट्या फोनची नक्कल केली. "काका, तुमचं केवायसी संपलंय, रात्री खातं बंद होईल." मागे बसलेल्या एका आजींनी खरंच विचारलं, "साहेब, मन्हं खातं बंद व्हई का?" सगळे हसले, पण बाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, खरी बँक इतकी घाई करूच शकत नाही. रिझर्व्ह बँकेच्या 2025च्या नियमाप्रमाणे केवायसीची मुदत संपण्याआधी बँकेने किमान तीनदा कळवायचं असतं आणि त्यातलं निदान एक कळवणं पत्राने. साध्या, कमी जोखमीच्या खात्याला तर दहा वर्षांतून एकदाच हे करावं लागतं.

मग एकाने ठासून सांगितलं, "मी कोणालाच ओटीपी सांगत नाही." मलाही तेवढं पुरेसं वाटायचं. बाई म्हणाल्या, आता सांगावा लागतच नाही. व्हॉट्सॲपवर बँकेच्या नावाची फाइल येते, नावाच्या शेवटी .apk असतं. ती उघडून ॲप बसवलं आणि ते मागेल ती परवानगी दिली, की आलेले मेसेज ते ॲपच वाचून पुढे पाठवतं. असं घडलंच तर त्या फोनचं इंटरनेट लगेच बंद करायचं, दुसऱ्या फोनवरून 1930 लावायचा आणि बँकेला कळवायचं. पैसे पुढच्या खात्यांतून काढले जाण्याआधी अडले तरच परत मिळण्याची आशा असते, म्हणून मुलगा संध्याकाळी घरी येईपर्यंत थांबायचं नाही.

कागदांचा विषय मला कंटाळवाणा वाटला असता, पण आजींनी पिशवीच उघडली. आत आधारची झेरॉक्स, पॅन कार्ड आणि मुलाच्या नावाचं लाइट बिल होतं. बाईंनी एकेक कागद पाहिला. पॅनवर पत्ता नसतो, त्यामुळे ते पत्त्याचा पुरावा म्हणून चालत नाही. बिल दुसऱ्याच्या नावावर, तेही बाद. झेरॉक्सबरोबर मूळ आधार दाखवावंच लागतं आणि आजींच्या आधारवर पत्ता अजून जुन्या गावचा होता. बँकेत अंगठा लावून आधारची पडताळणी झाली, तर सध्याचा पत्ता स्वतः लिहून, सही करून देता येतो, असं बाईंनी सांगितलं. काहीच बदललेलं नसेल, तर 'बदल नाही' एवढं लिहून दिलं तरी भागतं.

आजींनी हात पुढे केला. आयुष्यभर शेतात निंदणी-खुरपणी केलेली बोटं, रेषा पार झिजलेल्या. रेशनच्या मशीनवरही अंगठा उमटत नाही, म्हणाल्या.

"मग आधी आधार केंद्रात जाऊन पत्ता बदलून घ्या," बाई म्हणाल्या, "आणि तोवर फोन आला, तर त्याला सांगा, पत्र पाठव."

"कोणत्या पत्त्यावर?" आजींनी विचारलं.